हैदराबाद फेरीत तीन हजारांचा फरक कुठून आला?

"नागपूरजवळच्या वाडीतल्या एका मालकाकडे चौदा चाकी ट्रक चालवतो. ठरलंय ते असं: किलोमीटरला साडेतीन रुपये, हॉल्टिंग दिवसाला ४००, जेवणभत्ता दिवसाला ३००. सोमवारी सकाळी ८ ला वाडीच्या यार्डातून निघालो, बुटीबोरीत माल भरला, हैदराबादला उतरवला, तिथेच दुसऱ्या गोदामातून परतीचा माल घेतला, कळमन्यात खाली केला आणि पुढच्या सोमवारी दुपारी २ ला गाडी यार्डात लावली. मीटरवर १,०९८ किमी, त्यातले ९२ रिकामे. थांबलो बुटीबोरीत १० तास, हैदराबादला ४६ (मंगळवारी संध्याकाळी ५ पासून), परतीच्या मालाला २३, कळमन्यात ४० (मध्ये रविवार आला, हमाल नव्हते). हॉल्टिंगचे ५ दिवस आणि भत्त्याचे ८ दिवस धरून माझे ८,२४३ होतात. मुनीमजी म्हणतात ९८० किमी, हॉल्टिंग शून्य, भत्ता ६ दिवस, एकूण ५,२३०. बरोबर कोणाचं?"

भाऊ, दोन्ही आकडे जसेच्या तसे टिकत नाहीत. माझ्या हिशेबाने तुमचे ७,०४३ होतात. एका मुद्द्यावर मालकाचं म्हणणं मान्य केलं तर ६,६४३. म्हणजे तुम्ही थोडं जास्त मागताय आणि मुनीमजी बरंच कमी देताहेत.

दरावर तुमचा वाद नाहीच. तुम्ही आणि मुनीमजी दोघेही साडेतीन, चारशे आणि तीनशे हेच दर धरून बसला आहात, तरी ३,०१३ रुपयांचा फरक पडला. त्यातले ४१३ किलोमीटरचे, ६०० भत्त्याचे आणि २,००० एकट्या हॉल्टिंगचे. किलोमीटरचे पैसे चाक किती फिरलं याचे असतात, हॉल्टिंग दुसऱ्यामुळे चाक किती थांबलं याचं असतं आणि भत्ता तुम्ही घराबाहेर किती दिवस राहिलात याचा असतो. तिन्हींची मोजणी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे फेरीआधी कोणी बोललंच नाही. म्हणून ज्याने त्याने आपल्या सोयीची सुरुवात आणि आपल्या सोयीचा शेवट धरला.

आधी किलोमीटर. मुनीमजींचे ९८० बहुधा ई-वे बिलावरचे आहेत. जाताना एक आणि येताना एक अशी दोन बिलं असतील, त्यांवरच्या अंतरांची बेरीज करून बघा. ते अंतर पोर्टल दोन पिनकोडवरून काढतं. माल पाठवणाऱ्याचा पिन आणि घेणाऱ्याचा पिन, एवढंच त्याला माहीत असतं. एका पिनकोडच्या हद्दीत गोदाम कुठल्या टोकाला आहे, अवजड गाडीला शहरात मनाई म्हणून तुम्ही बाहेरून वळसा घातला का, हे त्याला कळत नाही. शिवाय ते बिल मालाचं असतं. वाडीहून बुटीबोरीपर्यंत गाडी रिकामी गेली, हैदराबादेत एका गोदामातून दुसऱ्या गोदामात रिकामी गेली, कळमन्याहून यार्डात रिकामी आली. त्या ९२ किमीमध्ये गाडीत मालच नव्हता, त्यामुळे ते कुठल्याच बिलावर येणार नाहीत.

तर ११८ किमीचा फरक असा फोडा: ९२ रिकामे आणि २६ मीटर व बिल यांच्यातली तफावत. ९२ किमीचे ३२२ रुपये होतात आणि ते मागायलाच हवेत. गाडी मालकाच्या कामासाठी फिरली, स्टिअरिंगवर तुम्ही होता. 'रिकाम्याचे पैसे नाहीत' किंवा 'रिकाम्याला अर्धा दर' असं आधी स्पष्ट ठरलं असेल तरच गोष्ट वेगळी. उरलेल्या २६ किमीवर मात्र मी फार ताणणार नाही. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच रस्त्यात फेऱ्या जास्त होतात. ट्रकच्या मोठ्या टायरची नक्षी पार उतरली तर मीटर साधारण दोन टक्के जास्त दाखवतो. १,०९८ किमीवर हे बावीसएक किमी झाले, म्हणजे तुमची तफावत जवळपास यातच बसते. टायर नवे असतील तर मागा, जुने असतील तर ९१ रुपयांसाठी बाकीची बोलणी बिघडवू नका. मीटर तपासायला सोपं आहे: वर्धा रोडने जाताना महामार्गावरच्या किमीच्या दगडांशी सलग ५० किमी ताडून पाहा. दगड ५० दाखवताना मीटरने ५१ दाखवले, तर दोन टक्क्यांचा फरक आहे. तूर्त मी मीटरच धरतो: १,०९८ गुणिले साडेतीन, ३,८४३ रुपये.

आता हॉल्टिंग. सगळ्यात मोठी रक्कम इथेच अडली आहे, आणि तुमची मागणीही इथेच जास्त आहे. तुम्ही चारही ठिकाणचे तास जोडले, ११९ झाले, म्हणजे पाच दिवस, म्हणून २,०००. पण माल भरणं-उतरवणं हा फेरीचाच भाग आहे आणि त्याला काही वेळ लागणारच. म्हणून बऱ्याच मालकांकडे प्रत्येक ठिकाणचे पहिले २४ तास हॉल्टिंगमध्ये धरत नाहीत. तुमच्याकडे हे कधी बोललं गेलं नसेल, तर मुनीमजी याच पद्धतीवर बोट ठेवणार आणि ते अगदी चुकीचं नाही. ही पद्धत मान्य केली की बुटीबोरीचे १० आणि परतीच्या मालाचे २३ तास बाद होतात. हैदराबादचे ४६ मधून २४ गेले की २२ उरतात, कळमन्याचे ४० मधून १६.

याच बावीस आणि सोळावर मुनीमजी शून्य लावताहेत. पूर्ण २४ तास झाले तरच एक दिवस, हा त्यांचा नियम. या नियमाने ४७ तास थांबलेल्या ड्रायव्हरला काहीच मिळत नाही आणि ४८ व्या तासाला एकदम ४०० मिळतात. हे मला पटत नाही. मोकळे २४ तास आधीच सोडून दिल्यावर उरलेल्या वेळेलाही पुन्हा तसंच कापणं म्हणजे एकाच गोष्टीची वजावट दोनदा झाली. मध्यम मार्ग असा: मोकळ्या वेळेनंतर १२ तासांपेक्षा जास्त थांबलं तर पूर्ण दिवस, त्याहून कमी असेल तर काही नाही. यात कोणाचंच फार नुकसान होत नाही आणि तोंडी हिशेब करता येतो. त्याने हैदराबादचा एक दिवस आणि कळमन्याचा एक दिवस, मिळून ८०० होतात.

कळमन्याच्या दिवसावर मालक अडतील, कारण मध्ये रविवार होता. रविवारचे २४ तास वगळले तर ४० चे १६ उरतात, ते मोकळ्या वेळेतच जातात आणि तो दिवस शून्य होतो. रविवार धरायचा की नाही हे खरोखर परिस्थितीवर आहे. तुम्हाला गाडीजवळ राहायला सांगितलं होतं, माल ताडपत्रीखाली होता आणि राखण तुमच्यावर होती, तर तो दिवस कामाचा आहे. चावी देऊन तुम्ही घरी गेला असाल तर हॉल्टिंग मागू नका. नागपुरातच माल उतरवायचा असला की हा प्रश्न नेहमी येतो, कारण घर जवळ असतं आणि 'तू तर घरी होतास' हे म्हणणं सोपं जातं. ज्या मुद्द्यावर मालकाचं मान्य करता येईल असं मी वर लिहिलं, तो हाच.

हैदराबादचा दिवस मात्र नीट सांभाळा, कारण तो मुनीमजींना एका झटक्यात काढता येतो. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी ५ ला पोचलात आणि गुरुवारी दुपारी ३ ला गाडी खाली होऊन बाहेर पडली, म्हणून ४६ तास. पण गोदाम संध्याकाळी बंद झालं असेल आणि गेटवर नोंद बुधवारी सकाळी ९ ला झाली असेल, तर कागदावर ३०च तास दिसतात. ३० मधून २४ गेले, उरले ६, हॉल्टिंग शून्य. संध्याकाळपासून सकाळपर्यंतचे १६ तास तुम्ही गेटबाहेर काढले, पण कुठल्याही रजिस्टरमध्ये ते नाहीत. हॉल्टिंगचे जास्तीत जास्त वाद या एका रात्रीवरून होतात.

म्हणून हॉल्टिंगचं घड्याळ गाडी गेटसमोर लागली तेव्हा सुरू होतं, टोकन मिळालं तेव्हा नाही, हे मालकाकडून आधी कबूल करून घ्या. आणि पोचल्या-पोचल्या, गाडी बंद करायच्या आधी, मुनीमजींना एक मेसेज टाका:

"मंगळवार १७:००. हैदराबाद गोदाम गेट. मीटर ८४७३०. गेट बंद, वॉचमन म्हणतो उद्या ९ ला टोकन."

सोबत गेटच्या पाटीचा एक फोटो आणि मोबाइलचं लोकेशन. एवढं केलं की नंतर बोलायला जागा राहत नाही, कारण मेसेजवर वेळ आपोआप पडते आणि मुनीमजींनी तो त्याच संध्याकाळी पाहिलेला असतो. या वेळी मेसेज टाकला नसेल तरी एक पुरावा मालकाकडेच आहे. हैदराबादच्या अलीकडच्या शेवटच्या टोल नाक्यावर फास्टॅगचे पैसे कापले गेल्याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर गेलेला असतो, तारीख-वेळेसह. तिथून गोदामापर्यंत किती वेळ लागतो हे त्यांनाही माहीत आहे. गाडीला जीपीएस असेल तर प्रश्नच नाही, त्या रात्रीची जागा उघडून दाखवा म्हणा.

हॉल्टिंगवर अजून एक उत्तर ऐकायला मिळतं: 'पार्टीने दिलं नाही, मी कुठून देऊ?' मालक पार्टीकडून गाडी अडकल्याचे पैसे मागतो, तो त्याचा आणि पार्टीचा व्यवहार. गाडी उभी राहिली की त्याचा हप्ता आणि विमा चालूच असतो, म्हणून ती रक्कम तुमच्या ४०० पेक्षा बरीच मोठी असते. पार्टीने दिले तरच तुम्हाला, असं ठरलं असेल तर तसंही चालेल, पण मग दर ४०० नको, मिळालेल्या रकमेतला ठराविक हिस्सा हवा. पार्टीने बुडवलं की तुमचं शून्य आणि पार्टीने भरपूर दिलं तरी तुमचे चारशेच, असं दोन्हीकडून चालत नाही. बाकी गाडी बिघडून उभी राहिली, तर ते दिवस सहसा हॉल्टिंगमध्ये येत नाहीत, पण भत्ता चालूच राहतो.

भत्ता सर्वांत सोपा आहे, म्हणून बोलायला बसाल तेव्हा सुरुवात त्यानेच करा. मुनीमजींनी सोमवार ते शनिवार असे ६ दिवस धरले, म्हणजे शनिवारी रात्री गाडी नागपुरात आली तिथे त्यांनी वही बंद केली. पण गाडी खाली झाली सोमवारी दुपारी १२ ला आणि यार्डात लागली २ ला. फेरी तिथे संपते. माझ्या मते नियम तारखेवर असावा: निघाल्याची तारीख आणि परतल्याची तारीख दोन्ही धरायच्या, मात्र दुपारी १२ नंतर निघाला किंवा १२ च्या आत परतला तर त्या तारखेचा अर्धा भत्ता. तुम्ही सकाळी ८ ला निघालात, दुपारी २ ला परतलात, म्हणून आठही दिवस पूर्ण, २,४०० रुपये. रविवारी घरी जेवला असाल तर त्या दिवसाचे ३०० स्वतःहून सोडा. तुम्ही ते आपणहून सोडलंत तर बाकीचं म्हणणं वजनदार होतं.

'हॉल्टिंग दिलं की त्या दिवसाचा भत्ता नाही' असंही कोणी म्हणेल. ते मान्य करू नका. थांबलेल्या दिवशीही दोन वेळचं जेवण, चहा, अंघोळीचे पैसे लागतातच, उलट गोदामाच्या गेटवर ढाब्यापेक्षा महाग पडतं. हॉल्टिंग बुडालेल्या कमाईचं आहे आणि भत्ता पोटाचा.

तर एकूण: किलोमीटरचे ३,८४३, हॉल्टिंगचे ८०० आणि भत्त्याचे २,४००, मिळून ७,०४३. रविवारचं हॉल्टिंग सोडलं तर ६,६४३. त्यापेक्षा खाली उतरायचं असेल तर मुनीमजींनी कारण सांगायला हवं, नुसता आकडा पुरे नाही.

बोलताना तिन्ही बाबी एकत्र मांडू नका. 'एकूण इतके द्या' म्हटलं की घासाघीस होते आणि मध्यावर कुठेतरी तुटतं. आधी भत्त्याच्या तारखा, मग रिकामे ९२ किमी, मग हॉल्टिंग, असं एकेक मिटवा. आणि फेरीसाठी घेतलेल्या उचलीचा, म्हणजे डिझेल, टोल, हमाली, पंक्चर यांचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा. खर्चाच्या पावत्या कमी पडल्या की ती तूट मजुरीतून वळती होते आणि मग किलोमीटरचे पैसे कमी दिले की खर्चाचे कापले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता तुमच्या कमाईबद्दल, कारण प्रश्नामागे खरं दुखणं तेच दिसतं. भत्ता खाण्यात जातो, तो कमाईत मोजू नका. ७,०४३ मधून २,४०० काढले की ४,६४३ उरतात आणि फेरीला लागले १७४ तास, म्हणजे सव्वासात दिवस. दिवसाला साधारण ६४० रुपये. मुनीमजींच्या आकड्याने हेच ४७३ वर येतं. आणि १७४ तासांपैकी ११९ तास गाडी उभी होती. रस्त्यावरच्या ५५ तासांत, झोप-जेवण धरून, तुम्ही १,०९८ किमी काढले. त्या वेगाने पूर्ण एक दिवस रस्त्यावर गेला असता तर सुमारे ४७९ किमी, म्हणजे १,६७० रुपयांच्या वर झाले असते. थांबलेल्या दिवसाचे मिळतात ४००. म्हणून ज्या ड्रायव्हरला किलोमीटरवर पैसे मिळतात, त्याची कमाई रस्त्यात नाही, गेटवर बुडते. हा बुडालेला वेळ रात्रीची झोप तोडून भरून काढायचा मोह होतो आणि अपघात तिथेच होतात. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि लांब पल्ल्याला जास्तीत जास्त १० तास अशी मर्यादा घातली होती, ती उगीच नाही.

हेच गणित दुसऱ्या मालकाचा दर तपासायलाही वापरा. समजा कोणी म्हणालं, 'माझ्याकडे ये, किलोमीटरला ४ रुपये देतो.' ऐकायला आठ आण्यांची वाढ आहे. पण तो बिलाचेच किमी धरत असेल तर याच फेरीत ९८० चे ३,९२० होतात, तुमच्या आताच्या ३,८४३ पेक्षा फक्त ७७ रुपये जास्त. त्याच्याकडे पूर्ण २४ तासांशिवाय हॉल्टिंग नसेल आणि भत्ता गाडी गावात शिरली की बंद होत असेल, तर एकूण ५,७२० हातात येतात. साडेतीनच्या दराने व्यवस्थित मोजणी झाली तर ७,०४३. त्यामुळे नवीन ठिकाणी दर विचारायच्या आधी मीटर कुठून कुठपर्यंत धरता, पोचल्यावर घड्याळ केव्हा सुरू करता, किती तास मोकळे सोडता, उरलेल्या तासांचं काय करता आणि भत्ता कुठल्या तारखेला थांबवता, एवढं विचारून घ्या. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच संध्याकाळी मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून 'बरोबर' असं परत येऊ द्या. तुमच्या आताच्या मालकाशीही पुढची गाडी भरायच्या आधी हेच करून घ्या.